पाच दिवसांची पिल्लं चोच उघडून धापा टाकतायत, पण घरघर नाही

खुराड्यातला
मंडळी, लवकर मदत हवी आहे. ४०० पिल्लं आणली, आज सहावा दिवस. पहिल्या तीन दिवसांत ४ गेली, ती कमकुवतच होती, म्हणून मनावर घेतलं नाही. चौथ्या दिवशी ३, काल ७ आणि आज दुपारपर्यंत ११. आजारी पिल्लू डोळे मिटून बसतं, प्रत्येक श्वासाला मान वर ताणतं आणि चोच उघडतं. खात नाही, पाणी मात्र पितं. काही पिल्लं सकाळी अशी दिसली की संध्याकाळपर्यंत संपतात.

सर्दी असेल म्हणून कालपासून पाण्यातून अँटिबायोटिक सुरू केलंय. फरक शून्य. ब्रूडरखाली पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर तापमान ३३ अंश आहे. दोन गोल केले आहेत, प्रत्येकी २०० पिल्लं. काय करू?

जुना_पाळक
ही सरळ सरळ सर्दी आहे भाऊ. अँटिबायोटिकला दोन दिवसांत गुण येत नाही, पाच दिवसांचा कोर्स पुरा कर. आणि उष्णता कमी पडतेय का बघ. गारठलेलं पिल्लू असंच डोळे मिटून बसतं.

रानवारा
माझ्याकडेही असंच चाललंय! सहा मोठ्या कोंबड्या, रात्री झोपल्या की घोरल्यासारखा आवाज, नाकातून पाणी, एकीचा डोळा सुजलाय. मी आल्याचा रस देतेय. त्याने पिल्लांनाही बरं वाटेल का?

निवृत्त_पशुवैद्य
रानवारा ताई, तुमच्या कोंबड्यांचा आजार वेगळा आहे. त्यांना आवाज आहे, नाक वाहतंय, डोळा सुजलाय. इथे नेमकं तेच नाही. तुम्ही वेगळं विचारा, नाहीतर दोन्हींचा गोंधळ होईल.

खुराड्यातला, तुमच्या शीर्षकातले शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. तरी एकदा खात्री करा. रात्री सगळं शांत झालं की धापा टाकणारं पिल्लू हातात घेऊन कानाशी धरा. घरघर, टिकटिक, शिंक काहीच ऐकू येत नसेल आणि श्वास मात्र पोटापासून ओढला जात असेल, तर सर्दीपेक्षा मला बुरशीचा संशय जास्त आहे. सर्दीत श्वासनलिकेत पाणी साठतं, ते वाजतं. बुरशीत फुप्फुसातच गाठी होतात. हवेला जागाच उरत नाही, वाजायला काही नसतं.

आता तीन प्रश्न. गादी कशाची आहे आणि ती पोती कुठे ठेवली होती? खाद्य ताजं आहे की मागच्या खेपेचं? आणि मरतूक दोन्ही गोलांत सारखी आहे का?

खुराड्यातला
डॉक्टर, रात्री पाच पिल्लं कानाशी धरून पाहिली. एकाचाही आवाज नाही.

गादी भाताच्या तुसाची. पोती शेडच्या मागच्या भिंतीला लावून ठेवली होती. मधल्या पावसात भिंतीतून ओल आली आणि खालची चार पोती भिजली. उघडली तेव्हा आत गठ्ठे झाले होते, थोडा करडा-हिरवा रंग होता आणि वास जुन्या गोणपाटासारखा. पण मी ते तसंच नाही वापरलं. गठ्ठे हाताने फोडले, ताडपत्रीवर पसरून दीड दिवस कडक उन्हात वाळवलं. अगदी कुरकुरीत झालं, वासही गेला, मगच टाकलं.

खाद्य म्हणाल तर पहिले दोन दिवस मागच्या खेपेचं अर्धं पोतं संपवलं. तळाशी गुठळ्या होत्या, त्या कुस्करून दिल्या. नंतर नवं पोतं.

गोलांचं मी मोजलंच नव्हतं. टोपलीतली मेलेली पिल्लं एकत्रच टाकत होतो. पण आठवून सांगतो, बहुतेक सगळी उजव्या गोलातली.

सेटरवाला
उजव्या गोलात कुठलं तूस आहे?

खुराड्यातला
उजवीकडे वाळवलेलं. डावीकडे वरच्या कोरड्या पोत्यांतलं, ते भिजलंच नव्हतं.
आत्ता लिहिताना माझ्याच लक्षात आलं.

निवृत्त_पशुवैद्य
मग बरंचसं उत्तर तुम्हीच दिलंत.

हे नीट समजून घ्या, कारण ही चूक जाणती माणसंही करतात. तूस भिजतं तेव्हा त्यात बुरशी वाढते. ओलं असेपर्यंत ती बरीचशी तिथेच चिकटून असते. वाळलं की तिची बीजं सुटी होतात. एक बीज मिलिमीटरच्या तीनशे-चारशेव्या भागाएवढं, डोळ्यांना दिसत नाही, वजन जवळजवळ नाहीच. तुम्ही वाळवलंत त्याने बुरशीची वाढ थांबली, पण बीजं मेली नाहीत. उलट उडायला तयार झाली. वर गठ्ठे फोडलेत, म्हणजे ती सगळीकडे मिसळली. मग २०० पिल्लं दिवसभर त्यावर पाय मारत फिरली. पिल्लाचं नाक जमिनीपासून चार बोटांवर असतं. आपण शेडमध्ये उभे राहतो तेव्हा आपल्या नाकाशी जी धूळ येते त्याच्या कितीतरी पट त्याच्या नाकात जाते. इतकी बारीक बीजं नाकात अडकत नाहीत, थेट खोल जातात आणि आठवडाभराच्या पिल्लाकडे ती मारून टाकायची ताकद अजून आलेली नसते.

वास गेला म्हणून बुरशी गेली असं होत नाही.

दिवसांचा हिशोबही जुळतो. बीज आत जाऊन गाठ व्हायला तीन-चार दिवस लागतात. तुमच्याकडे चौथ्या दिवशी सुरुवात झाली.

तरी मी इथे बसून निदान करणार नाही. आज मेलेली ताजी दोन-तीन पिल्लं जवळच्या पशुवैद्यकांकडे किंवा प्रयोगशाळेत न्या. बर्फावर न्या, गोठवू नका.

जुना_पाळक
डॉक्टर, तुमचा मान राखून सांगतो, बुरशी असेल तर उपाय सोपा आहे. खाद्यात टॉक्सिन बाइंडर दुप्पट करायचा आणि पाण्यात मोरचूद. आम्ही वर्षानुवर्षं हेच केलंय. आणि गादीत चुना मिसळायचा.

निवृत्त_पशुवैद्य
जुना_पाळक, यातलं थोडं बरोबर आहे, पण दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. बुरशी खाद्यात विष सोडते, ते पोटातून जाऊन यकृत बिघडवतं. बाइंडर आतड्यात त्या विषाला धरतो, तेही काही विषांनाच. फुप्फुसात जाऊन बसलेलं जिवंत बीज बाइंडरला भेटतच नाही. एकाच बुरसलेल्या पोत्यातून दोन्ही त्रास होऊ शकतात, म्हणून लोकांना ते एकच वाटतात.

मोरचूद मीही अनेक वर्षं लिहून दिलं आहे. दोन लिटर पाण्यात एक ग्रॅम, धातूच्या भांड्यात नाही, आणि थोडेच दिवस. भांड्यातली आणि फार तर पिल्लाच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीतली बुरशी त्याने आवरते. फुप्फुसातली गाठ त्याने विरघळलेली मी एकाही शवविच्छेदनात पाहिली नाही. आणि माप चुकलं तर मोरचूदच पिल्लं मारतं. मूठभर टाकणारे मी पाहिलेत.

चुना ओल्या गादीत मिसळला की अमोनिया जास्त सुटतो. अमोनियाने श्वासनलिकेतली धूळ बाहेर लोटणारी बारीक लव निकामी होते. पिल्लं आत असताना तो नकोच. रिकाम्या शेडच्या जमिनीला लावा, त्याला माझी ना नाही.

खुराड्यातला
म्हणजे औषध काहीच नाही?

निवृत्त_पशुवैद्य
धाप लागलेल्या पिल्लासाठी, शेडच्या पातळीवर, नाही. बुरशीवरची औषधं आहेत, पिंजऱ्यातल्या एखाद्या पोपटाला आठवडेच्या आठवडे देतात. ४०० मांसाच्या पिल्लांना ते परवडणारं नाही आणि अंडी-मांसाच्या पक्ष्यांना ती मनाने देऊही नयेत. अँटिबायोटिक आज बंद करा. बुरशीवर त्याचा काही परिणाम नाही, वर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

एक दिलासा आहे. हा आजार पिल्लाकडून पिल्लाला लागत नाही. प्रत्येक पिल्लू गादीतून किंवा खाद्यातून स्वतःच घेतं. म्हणून बीजाचा साठा बाहेर काढला की नवी लागण थांबते.

शेवंती
काढताना सांभाळून हो दादा. माझ्या बहिणीने पिल्लं आतच ठेवून फावड्याने गादी ओढली होती, पंखा चालू ठेवून. दुसऱ्या आठवड्यात आणखी मेली. तिला स्वतःलाही महिनाभर खोकला होता.

निवृत्त_पशुवैद्य
शेवंती ताईंनी नेमकं सांगितलं. क्रम असा ठेवा. आधी पिल्लं दुसऱ्या कोरड्या खोलीत हलवा, तिथे ब्रूडर अर्धा तास आधी लावून जागा गरम करून ठेवा. मग पंखा बंद. गादीवर पाठीवरच्या पंपाने अगदी बारीक फवारा मारा. चिखल करायचा नाही, धूळ बसेल इतकंच. वरच्या वर पोत्यात भरा, तोंडं तिथेच बांधा आणि शेडपासून लांब नेऊन पुरा किंवा जाळा. शेडच्या दाराशी ढीग लावू नका, वारा तो परत आत आणतो. जमीन आणि भिंती ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. पूर्ण वाळल्यावर नवी गादी. हे सगळं करताना चांगला एन-९५ मास्क लावा, रुमाल पुरत नाही. घरात कुणाला दमा असेल तर त्याला या कामाला घेऊ नका.

मानसिक तयारीही ठेवा. गादी बदलली म्हणून उद्या मरतूक थांबणार नाही. ज्यांच्या फुप्फुसात गाठी झाल्या आहेत ती पुढचे पाच-सहा दिवस जातच राहतील. बरेच जण तिसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा औषधं बदलायला लागतात.

सेटरवाला
मी हॅचरीत काम करतो, तर माझंही ऐका. सगळं खापर तुसावर फोडू नका. बुरशी हॅचरीतूनही येते. तडा गेलेलं अंडं सेटरमध्ये गेलं की आत बुरशी वाढते, दिव्यावर धरलं तर हवेच्या जागेत काळपट-हिरवा डाग दिसतो. ते हॅचरमध्ये फुटलं की त्या ट्रेमधल्या सगळ्या पिल्लांनी पहिल्याच श्वासात बीजं घेतली. थंड खोलीतून अंडी एकदम गरम जागेत आणली की त्यांना घाम फुटतो, तेव्हाही कवचातून आत शिरतं.

फरक असा ओळखतात. पिल्लं उतरवली त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच धापा टाकत असतील तर हॅचरी. चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू झालं तर शेड. आणि त्याच खेपेची पिल्लं घेतलेल्या दुसऱ्यांना विचारायचं. त्यांच्याकडेही असेल तर आमच्याकडे बोट.

खुराड्यातला
त्याच खेपेची पिल्लं आणखी दोघांनी घेतली होती. एकाकडे सगळं ठीक. दुसरा म्हणतो “थोडी गेली”, आकडा सांगत नाही. हॅचरीला फोन केला तर “आमच्याकडून निरोगीच गेली” एवढंच उत्तर.

काल सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. पिल्लं हलवली, गादी काढली, मास्क लावून. तीन पिल्लं प्रयोगशाळेत दिली. तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच उघडली. पिसं आधी साबणाच्या पाण्याने भिजवली, म्हणजे उडत नाहीत. फुप्फुस गुलाबी, स्पंजासारखं असायला हवं म्हणे. यांच्यात पांढऱ्या-पिवळ्या गाठी होत्या, काही राईएवढ्या, काही बाजरीएवढ्या. एका पिल्लात फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशवीवर पिवळसर थर होता. गाठ कापली तर आत घट्ट दह्यासारखं.

जुना_पाळक
अशा गाठी मी पांढऱ्या हगवणीतही पाहिल्यात. फुप्फुसात गाठ म्हणजे बुरशीच असं थोडंच आहे?

निवृत्त_पशुवैद्य
हा मुद्दा अगदी खरा आहे. साल्मोनेलाच्या त्या आजारातही याच वयात फुप्फुसात गाठी येतात आणि नुसत्या डोळ्यांनी मी स्वतः फसलो आहे. तिथे बहुधा हृदयावर, यकृतावरही ठिपके असतात, पोटातला बलक जिरलेला नसतो, मागची पिसं पांढऱ्या विष्ठेने चिकटलेली असतात. पण सगळी लक्षणं एका पिल्लात एकत्र दिसतीलच असं नाही. म्हणून गाठीचा कण काचेवर पोटॅशच्या द्रावणात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे फाटे फुटलेले धागे दिसले की प्रश्न मिटला. शिवाय गाठ वाढवून बघतात, त्याला दोन-तीन दिवस लागतात. ते सांगितलंय का त्यांना?

खुराड्यातला
हो, ठेवलंय वाढवायला. काचेवर धागे दिसले असं म्हणाले. हृदय, यकृत साफ होतं, मागची पिसंही स्वच्छ.

रानवारा
माझ्याकडे खाद्याच्या डब्यात गुठळ्या होतात हो दमट हवेत. उन्हात वाळवून दिलं तर चालतं ना?

शेवंती
ताई, वरचं सगळं वाचलंत की नाही? तूस वाळवूनच तर हे झालं.

निवृत्त_पशुवैद्य
विचारू द्या त्यांना, प्रश्न चांगला आहे. वाळवल्याने खाद्यातलं विषही जात नाही आणि बीजही मरत नाही. गुठळी झालेलं, रंग बदललेलं किंवा कुबट वास येणारं खाद्य पिल्लांना देऊ नका, मोठ्या कोंबड्यांनाही नको. गुठळी कुस्करताना जो धुरळा उडतो तो आधी आपल्याच नाकात जातो. डबा रिकामा झाला की तळ खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच नवं भरा. वरून नवं ओतत राहिलं की तळाचं जुनं खाद्य विरजणासारखं काम करतं. आठवड्यात संपेल इतकंच घ्या. पोती जमिनीवर नकोत, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर लांब.

तुसाची परीक्षा हातानेच होते. मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि सोडा. लाडू तसाच राहिला तर फार ओलं. किंचित धरून लगेच विस्कटलं तर ठीक. अजिबात धरलं नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडं, तेही पिल्लांना बाधतं. पण ही परीक्षा ओलीची आहे, बुरशीची नाही. एकदा भिजून बुरसलेलं तूस वाळल्यावर यात पास होतं. म्हणून पोतं एकदा भिजलं की ते गादीसाठी बाद. लाकडाचा भुसाही ओल्या लाकडाचा असेल तर पोत्यातच तापतो आणि बुरसतो, हात घालून बघा.

आणि चांगलं तूस टाकलं तरी पाण्याच्या भांड्याभोवतीची जागा रोज बदलावी लागते. ब्रूडरची ऊब आणि सांडलेलं पाणी, बुरशीला याहून काय हवं? भांड्याखाली जाळीची चौकट ठेवा, म्हणजे पिल्लं ओल्या जागेवर उभी राहत नाहीत.

जुना_पाळक
मी उगाच सर्दी म्हणालो. पण एक विचारतो. शेडमध्ये उकाडा झाला तरी पिल्लं चोच उघडतात. तिथे कसं ओळखायचं?

निवृत्त_पशुवैद्य
उकाड्यात सगळीच पिल्लं एकदम करतात, ब्रूडरपासून लांब पळतात, पंख सैल सोडतात. ब्रूडर वर उचलला की काही वेळात थांबतं. बुरशीत काहीच पिल्लं करतात आणि ती उबेखालीच बसून राहतात. तापमान बदलून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी.

खुराड्यातला
उशिरा लिहितोय. आज बारावा दिवस. वाढवलेल्या नमुन्यात तीच बुरशी आली, निळसर-हिरवी. पुढचे आकडे देतो. सहाव्या दिवसापर्यंतचे वर आहेत, त्यात त्या दिवशी दुपारनंतर भर पडली नाही. सातव्या दिवशी १४ गेली, त्याच दिवशी गादी बदलली होती. मग १२, ९, ६, ४ आणि आज २. डॉक्टर म्हणाले तसंच झालं, लगेच थांबलं नाही. एकूण ७२.

सातव्या दिवसापासून दोन्ही गोलांचा हिशोब वेगळा ठेवला आणि आधीचा अंदाजाने जोडला. उजव्या गोलातली ६१, डाव्यातली ११. वाचलेल्यांपैकी वीस-एक पिल्लं खुरटलेली आहेत. दोघांचा एकेक डोळा पांढुरका झालाय आणि एकाची मान वाकडी होते.

निवृत्त_पशुवैद्य
डोळा आणि मान दोन्ही याच बुरशीने होऊ शकतात. पापणीखाली पिवळी खपली दिसतेय का बघा. मान वाकडी म्हणजे मेंदूपर्यंत गेली असावी, ते पिल्लू सुधारणार नाही, त्याला जास्त सोसायला लावू नका. खुरटलेली वेगळी काढा. ती वजन धरणार नाहीत, त्यांच्यावर खाद्य घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

सेटरवाला
डाव्या गोलातली ११ कशाने गेली पण? तिथलं तूस तर चांगलं होतं. २०० त ११ म्हणजे मला तरी जास्त वाटतं.

शेवंती
एकाच खोलीत होते ना दोन्ही गोल. उजवीकडची धूळ डावीकडे जाणारच.

जुना_पाळक
किंवा ते गुठळ्यांचं खाद्य. ते दोन्हीकडे दिलं होतं.

निवृत्त_पशुवैद्य
आणि हॅचरीही पूर्ण सुटत नाही, पहिल्या तीन दिवसांतली ४ कुणी उघडून पाहिली नाहीत. डाव्या गोलातलं एकही पिल्लू प्रयोगशाळेत गेलं नसेल तर हे आता सांगता येणार नाही. खुराड्यातला, ती तीन पिल्लं कुठल्या गोलातली होती?

खुराड्यातला
तिन्ही उजवीकडची. डावीकडचं एक आज सकाळी गेलंय, टोपलीत आहे अजून. बर्फ घालून नेतो.